रात्रीचं वरण सकाळी चालेल का? पहिल्यांदाच एकट्याने स्वयंपाक करणाऱ्या बापासाठी

वरण खराब झालं की नाही हे वासावरून ओळखायचं, असंच बहुतेकांना वाटतं. वास घ्यायलाच हवा, पण त्याचं उत्तर अर्धंच असतं. आंबूस वास आला तर वरण नक्की टाकायचं. वास आला नाही, तर मात्र त्यावरून ते खायचं असं ठरत नाही. म्हणून झाकण उघडण्याआधी एक प्रश्न विचारायचा: हे वरण गॅसवरून कधी उतरवलं, आणि तेव्हापासून ते कुठे होतं?

एक घर घेऊन हे पाहू. यवतमाळकडचं गाव, सप्टेंबरचा शेवट, सोयाबीन कापणीला आलेलं. घरातल्या आईला अचानक माहेरी जावं लागलं, तिची आई आजारी आहे. पाचच्या बसने निघण्याआधी तिने चार वाजता कुकर लावून फोडणीचं वरण केलं, भात टाकला, पोळ्या करून ठेवल्या. मागे राहिले बाप, दहा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. रात्री साडेआठला बापाने वरण गॅसवर ठेवलं, कडेने वाफ दिसताच बंद केलं आणि तिघं जेवले. चार वाट्या वरण उरलं. गरम भांडं फ्रीजमध्ये ठेवू नये असं त्याने कुठेतरी ऐकलेलं, म्हणून गंज झाकून ओट्यावरच ठेवला. निवल्यावर आत ठेवू म्हणाला आणि झोपला. सकाळी साडेसहाला तो गंजासमोर उभा आहे, आणि नऊ वाजता मुलांची शाळा आहे.

झाकण उघडल्यावर काय दिसतं

वर पाणी सुटलंय, खाली घट्ट गोळा बसलाय, कडेला पिवळी साय धरलीय आणि झाकणाच्या आतून थेंब लोंबताहेत. नवख्याला इथेच पहिली शंका येते, आणि इथे ती चुकीची असते. तुरीच्या डाळीतलं पिष्ट निवल्यावर घट्ट होतं, डाळ तळाला बसते आणि पाणी वर राहतं. कोणतंही वरण असंच निवतं, दोन तासांपूर्वी केलेलंसुद्धा. वरची साय हवेने सुकलेली असते. रंग थोडा गडद होणं हेही बिघडल्याचं लक्षण नाही.

खरी लक्षणं वेगळी आहेत, आणि ती वरण हलवल्याशिवाय दिसत नाहीत. स्वच्छ, कोरडी पळी घ्या, तळापासून दोनदा ढवळा आणि थांबा. बारीक बुडबुडे सतत वर येत राहिले, कडेला फेस धरला, तर आत वायू तयार होतोय. ढवळताना एखादा बुडबुडा फुटणं वेगळं, कारण पळीबरोबर हवा आत जाते. मिनिटभराने पुन्हा बघा. मग पळी उचला. वरण थेंबाथेंबाने पडायला हवं. पळीपासून तार सुटली, बुळबुळीत धागा लोंबला, तर पुढे काही बघायची गरज नाही. वासही ढवळल्यावरच घ्यायचा. वरच्या थरात लसूण आणि हिंगाचा वास इतका असतो की खालचा आंबूसपणा त्याखाली झाकला जातो.

एक घोटाळा चिंच किंवा टमाटर घातलेल्या वरणात होतो. ते मुळातच आंबट असतं, त्यामुळे आंबलेला वास आणि चिंचेचा वास यांची गफलत होते. चिंचेचा आंबटपणा जिभेला कळतो, नाकाला फारसा नाही. झाकण काढताच नाकात आंबट भपका आला, ताक शिळं झाल्यासारखा, तर तो चिंचेचा नाही. करपट वासाचीही अशीच गफलत होते. वरण गरम करताना तळ लागला असेल तर वास येतो, पण तो जळका असतो. असं वरण चवीला वाईट लागेल, तेवढ्याने पोट बिघडणार नाही.

चाखून बघू नका. चव ठीक लागली तरी ती काही सिद्ध करत नाही, आणि वाईट लागली तर तो घास उगाच पोटात गेला.

आपल्या घरातल्या वरणाला यातलं काहीच नव्हतं. ना फेस, ना तार. मुलीने गंजात नाक घातलं आणि म्हणाली, "बाबा, वास तं नाही येत." बापाने बायकोला फोन लावला.

"अजी, गंज रातभर ओट्यावरच होता का?"

"हौ. वास काही नाही पण."

"मंग टाकून द्या. वासाचं नका सांगू मले."

वास नसताना टाकायचं का

वरण आंबवणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे वेगळे. आंबवणारे आम्ल करतात, वायू करतात, म्हणून ते नाकाला कळतात. आजारी पाडणारे कित्येकदा वास, चव, रंग काहीच बदलत नाहीत. वरण-भाताच्या बाबतीत दोन नावं लक्षात ठेवण्यासारखी आहेत: बॅसिलस सिरियस आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. दोन्ही मातीत असतात, धूळ आणि धान्याबरोबर घरात येतात. दोघांचंही वैशिष्ट्य असं की ते बीजाणूच्या रूपात, म्हणजे कडक कवच घेऊन, उकळत्या पाण्यातूनही तरतात. वरण शिजतं तेव्हा बाकीचे जंतू मरतात आणि हे बीजाणू मोकळ्या शेतात एकटे उरतात. वरण कोमट झालं की ते जागे होतात आणि वाढू लागतात.

परफ्रिंजेन्सला ४३ ते ४७ अंशांचं तापमान सगळ्यात मानवतं. बोट घातलं तर चटका बसत नाही पण गरम लागतं, ते हेच तापमान. झाकलेला, भरलेला गंज याच टप्प्यात बराच वेळ रेंगाळतो. सिरियसची गोष्ट आणखी वाईट. त्याची एक जात अन्नातच विष सोडते, आणि ते विष उकळल्याने जात नाही, कुकरच्या उष्णतेलाही दाद देत नाही. उकळी आणली की सगळं मरतं, हा समज इथे मोडतो. जंतू मरतील, विष राहील. भातात ही जात जास्त सापडते, म्हणून वरणाला जो नियम लावाल तोच रात्रीच्या भातालाही लावा, किंबहुना अधिक कडकपणे.

घड्याळ कसं मोजायचं

अन्नाला धोक्याचा पट्टा साधारण ५ ते ६० अंशांचा. फ्रीज नीट चालत असेल तर त्यातलं अन्न ५ च्या खाली राहतं, वाफाळतं अन्न ६० च्या वर असतं, आणि ओटा, चूल, शिंकं, फडताळ हे सगळं मधल्या पट्ट्यात येतं. नियम असा: या पट्ट्यात गेल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवलं तर पुढे वापरता येतं. दोन ते चार तास बाहेर राहिलं तर लगेच खाऊन संपवायचं, परत साठवायचं नाही. चार तासांच्या पुढे गेलं तर टाकायचं. एप्रिल-मे महिन्यात घरातच पारा ३२ च्या वर असतो, तेव्हा फ्रीजमध्ये ठेवायची मुदत दोन तासांऐवजी एकच तास धरा.

आता आपलं वरण मोजू. चार वाजता फोडणी देऊन उकळी आली. झाकलेलं लिटरभर वरण ६० अंशांखाली यायला तासभर धरू, म्हणजे घड्याळ पाचला सुरू झालं. साडेआठला जेवण, साडेतीन तास झालेले. म्हणजे रात्रीचं जेवण चार तासांच्या आत बसलं, पण काठावर. सकाळी साडेसहाला साडेतेरा तास. इथे वादाला जागाच उरत नाही.

साडेआठला गरम केलं होतं त्याचं काय? कडेने वाफ दिसली म्हणजे मधलं वरण तापलं असं नाही. घट्ट वरण मधोमध कोमटच राहतं. नीट खळखळून उकळलं असतं तर तोवर वाढलेले जंतू मेले असते. पण बीजाणू राहिले असते, विष असेल तर तेही राहिलं असतं, आणि नऊ वाजल्यापासून भांडं पुन्हा त्याच पट्ट्यात आलं असतं. गरम केल्याने घड्याळ मागे जात नाही.

यावर गावात हमखास ऐकू येतं की थंडीत रात्रीचं वरण सकाळी चालते, आम्ही जन्मभर खाल्लं. त्यात थोडं तथ्य आहे. जानेवारीत पहाटे विदर्भात पारा १० अंशांच्या आसपास येतो आणि अशा थंडीत हे जंतू फार हळू वाढतात. पण १० अंश बाहेर अंगणात असतात. चूल पेटलेल्या स्वयंपाकघरात तेवढी थंडी नसते, आणि मोठा गंज मधून निवायला रात्रीचे कित्येक तास लागतात. मोठ्या माणसाचं पोट पुष्कळदा निभावून नेतं. लहान मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं यांच्या बाबतीत तो जुगार खेळू नये.

टाकायचं म्हटलं की हात अडतो, अन्न आहे. गाईच्या पाटीत ओतायचा मोह होतो. ओतू नका, त्यात मीठ-तिखट आहे आणि बिघडलेलं अन्न जनावरालाही बाधतं. उकिरड्यात थोडं खणून टाका आणि वर माती सारा, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. गंज आणि पळी साबणाने घासून गरम पाण्याने धुवा. चार वाट्या वरणात जेमतेम एक वाटी डाळ असते. सोयाबीनच्या कापणीत एक दिवस अंथरुणात गेला तर त्याहून बरंच जास्त जातं.

आता ताजं वरण, पाऊण तासात

तिघांसाठी पाऊण वाटी तुरीची डाळ पुरते. वाटी म्हणजे घरातली नेहमीची, साधारण दीडशे मिलिलीटरची. फ्रीज नसेल तर मापाबाबत कंजूषच राहा: मोठ्या माणसाला पाव वाटीपेक्षा थोडी जास्त, मुलाला पाव वाटीपेक्षा थोडी कमी. एक वाटी कोरड्या डाळीचं चार वाट्यांच्या आसपास वरण होतं. हे एकदा डोक्यात बसलं की उरण्याचा प्रश्नच निम्मा होतो.

डाळ दोन-तीन पाण्यांनी धुवा, पाणी बऱ्यापैकी स्वच्छ येईपर्यंत. वेळ असेल तर वीस मिनिटं भिजत ठेवा, तेवढ्यात कणीक मळून होते. कुकरमध्ये डाळ, तिच्या तिप्पट पाणी, म्हणजे सव्वादोन वाट्या, पाव चमचा हळद आणि अर्धा चमचा तेल. तेल चवीसाठी नाही. डाळीला फेस येतो, तो शिटीच्या नळीत शिरून ती तुंबवतो. तेलाने फेस कमी होतो. त्याच कारणाने डाळीसाठी कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरायचा नाही. झाकण लावण्याआधी नळीतून उजेडाकडे आरपार बघा आणि रिंग नीट बसली का ते चाचपा.

मध्यम आचेवर तीन शिट्ट्या होऊ द्या, मग आच बारीक करून पाच मिनिटं. गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जाऊ द्या, दहा-बारा मिनिटं लागतात. घाई करून शिटी उचलली तर पिवळा फवारा छतापर्यंत जातो, आणि डाळही शेवटच्या वाफेत शिजायची राहून जाते. जुनी डाळ किंवा बोअरचं जड पाणी असेल तर तीन शिट्ट्यांत दाणा मऊ होत नाही, तेव्हा एक-दोन शिट्ट्या वाढवा. मीठ आत्ताच घालू नका. डाळ शिजल्यावर घालायचं.

झाकण उघडलं की घोटणीने घोटा. पूर्ण लगदा नको, दोन बोटांत दाबला तर दाणा विरघळावा एवढंच. यात एक वाटी गरम पाणी घाला. गार पाणी घातलं तर वरण फिकं लागतं आणि पुन्हा उकळायला वेळ जातो. पाऊण चमचा मीठ घाला, चमचा चहाचा.

फोडणीला एक मोठा चमचा तेल. तेल तापलं का बघायला मोहरीचे दोन दाणे टाका. लगेच तडतडले तर बाकीची अर्धा चमचा मोहरी घाला. नवखा माणूस इथे दोन प्रकारे चुकतो. तेल गार असताना मोहरी टाकतो, मग ती तडतडत नाही आणि कडवट, कच्ची राहते. किंवा मोहरी तडतडायची वाट बघता बघता जिरं आणि लसूण काळं करतो. मोहरी थांबली की आच बारीक करा, अर्धा चमचा जिरं, ठेचलेल्या चार पाकळ्या लसूण, एक सुकी मिरची, चिमूटभर हिंग. लसणाच्या कडा पिवळ्या झाल्या की अर्धा चमचा तिखट टाका आणि मागोमाग वरण ओता. तिखट तेलात पाच सेकंदांहून जास्त राहिलं तर जळतं आणि घरभर ठसका उठतो. मुलांसाठी तिखट निम्मं करा.

आता तळापासून हलवत तीन-चार मिनिटं खळखळ उकळा. वरण गप्प बसलं की डाळ खाली जाऊन तळाला लागते, म्हणून या वेळी दुसरं काम काढू नका. शेवटी चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर. हे सगळं पावणेसातला सुरू केलं तर साडेसातला ताट वाढता येतं, आणि भाताचा कुकर शेजारच्या शेगडीवर आधीच चढवला असेल तर तोही तयार असतो.

मुलांच्या डब्यात हे वरण द्यायचं का? नऊला भरलेला डबा एकच्या सुट्टीत उघडला जाणार, म्हणजे चार तास. ऊन असेल तर देऊ नका. डब्यात पोळी आणि कोरडी आलूची भाजी किंवा तीळ-शेंगदाण्याची चटणी द्या, आणि वरण घरी येऊन खाऊ दे.

रात्री उरलंच तर कसं ठेवायचं

गरम भांडं फ्रीजमध्ये ठेवू नये, हे बापाने ऐकलेलं पूर्ण चुकीचं नव्हतं. वाफाळता गंज आत ठेवला तर बाकीचं दूध-दही तापतं. चूक झाली ती निवायची वाट बघण्यात. वरण आपोआप निवू द्यायचं नाही, ते निववायचं.

परातीत तीन-चार बोटं गार पाणी घ्या, माठातलं असेल तर उत्तम. उरलेलं वरण खोल गंजातून काढून पसरट स्टीलच्या भांड्यात ओता, थर दोन बोटांपेक्षा जास्त नको. ते भांडं परातीत ठेवा आणि अधूनमधून ढवळा. दहा मिनिटांनी परातीतलं पाणी कोमट होईल, ते बदला. दोनदा पाणी बदललं की अर्ध्या तासात वरण हाताला जेमतेम कोमट लागतं. मग झाकण थोडं सरकवून फ्रीजच्या आतल्या कप्प्यात ठेवा, दारात नको, दार सतत उघडतं. पूर्ण गार झालं की झाकण नीट लावा. हे जेवणं झाल्यावर लगेच करायचं, भांडी घासून झाल्यावर नाही.

वाढताना आणि काढताना स्वच्छ पळी वापरा. ज्या चमच्याने मुलाने चाखलं तोच भांड्यात गेला, किंवा हाताने भात कालवून त्याच हाताने झाकण काढलं, तर हातावरचे, तोंडातले जंतू आत जातात. त्यातल्या स्टॅफिलोकॉकस जातीचं विषही उकळून जात नाही. ताटात उरलेलं वरण भांड्यात परत ओतायचं नाही, ते सगळ्यांना माहीत असतं आणि सगळ्यांच्याच हातून होतं.

खेड्यात फ्रीजची मोठी अडचण लाइनची. दार न उघडता बंद फ्रीज साधारण चार तास गारवा धरतो. रात्री अकराला लाइन गेली आणि पहाटे पाचला आली तर सहा तास झाले, आणि सकाळी हात लावला तर फ्रीज पुन्हा गारच लागतो, काही कळत नाही. यावर एक बिनखर्चाचा उपाय आहे. वाटीभर पाणी बर्फाच्या कप्प्यात गोठवा आणि बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवून द्या. सकाळी नाणं वरच असेल तर बर्फ वितळला नव्हता. नाणं तळाशी जाऊन वर बर्फ असेल तर मधल्या काळात तो वितळून पुन्हा गोठला, म्हणजे खालच्या कप्प्यातलं वरणही तापलं होतं. नाणं अर्ध्यात अडकलं असेल तर सकाळचं जेवण दुसऱ्या कशावर तरी भागवा.

फ्रीज नसेल तर साठवायचं नाही. रात्री उकळी काढून झाकून ठेवायची जुनी रीत आहे, पण वरच्या हिशोबात ती बसत नाही.

खाऊन झालंय, आता काय

समजा बापाने फोन लावलाच नसता आणि तिघांनी वरण खाल्लं असतं. तर घाबरून ओकारी काढू नका, वाट बघा. सिरियसच्या विषाने उलट्या होतात त्या लवकर, अर्ध्या ते सहा तासांत. पोटात मुरडा आणि पातळ जुलाब उशिरा येतात, सहा ते चोवीस तासांत. बहुतेकांचं दिवसभरात आपोआप थांबतं. धोका असतो तो अंगातलं पाणी जाण्याचा.

आशाताईकडे ओआरएसची पुडी मिळते. अख्खी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला, अर्धी पुडी अंदाजाने नको. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर मुलाला अपायच होतो, म्हणून चमचा बोटाने सपाट करूनच घ्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने द्या. जुलाब थांबवायची गोळी मुलांना देऊ नका. मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, शौचात रक्त दिसलं किंवा पाणीही पोटात ठरत नसेल, तर घरी थांबायचं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा, रात्र असेल तर १०८ ला फोन करा.

नीट ठेवलेलं वरण दुसऱ्या दिवशी

वेळेत निववून फ्रीजमध्ये ठेवलेलं वरण दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत वापरावं. नियम तीन दिवसांपर्यंत परवानगी देतो, पण लाइन जाणाऱ्या गावात तेवढं ताणू नये. गरम करायचं ते एकदाच, आणि लागेल तेवढंच बाहेर काढून. अर्धी वाटी पाणी घाला, नाहीतर घट्ट वरण तळाला लागेल आणि मध्ये गारच राहील. मधोमध खळखळून उकळी आल्यावर दोन-तीन मिनिटं ढवळत ठेवा. एकदा गरम केलेलं परत फ्रीजमध्ये जात नाही.

दोन-तीन वाट्या उरलं असेल तर नुसतं गरम करण्यापेक्षा वरणफळं करा, मुलं आवडीने खातात. एक वाटी कणीक, चिमूटभर मीठ, थोडी हळद आणि एक चमचा तेल घालून पोळीपेक्षा घट्ट मळा. वरणात दीड वाटी पाणी घालून उकळी आणा. पोळी लाटून तिचे शंकरपाळ्यासारखे तुकडे कापा आणि उकळत्या वरणात एकेक सुटा टाका. सगळे एकदम ओतले तर त्यांचा एकच गोळा होतो. झाकण अर्धवट ठेवून मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं, दोनदा हलवून. तुकडा मधून कापून बघा, पांढरी कच्ची रेघ दिसली तर आणखी तीन मिनिटं. वरणात मीठ आधीचंच आहे, तेव्हा नवं घालण्याआधी चाखा. वाढताना वरून तेलात चुरचुरलेला लसूण किंवा एक चमचा तूप, आणि शिजलेलं सगळं त्याच जेवणात संपवा.